सोळा मीटरची चिमणी बावीस करायची होती : एका राईस मिलच्या धुराड्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

भंडारा-गोंदियाकडच्या धानपट्ट्यातलं एक गाव, गावाच्या कडेला उसना तांदळाची मिल. गाव आणि मालक ओळखू येतील असे तपशील बदललेत, आकडे मात्र खरे ठेवलेत, थोडे गोल करून. मिलमध्ये बॉयलर आहे, धान उकडायला वाफ लागते, आणि जळण म्हणून मिलमधलंच तूस. बॉयलरचा धूर जमिनीलगतच्या एका बोगद्यातून विटांच्या जुन्या चिमणीत जातो. चिमणी गोल, वरपासून खालपर्यंत जवळजवळ एकाच जाडीची, उंची १६ मीटर म्हणजे ५२ फुटाच्या आसपास, बाहेरचा व्यास २.४ मीटर, आतला १.५ मीटर, म्हणजे भिंत ४५ सेंटीमीटरची, दोन विटांची. आत सळई नाही, लोखंडी पट्टे नाहीत, नुसती वीट आणि मसाला.

जानेवारीत मिलवाल्या भाऊंचा फोन आला. तुसाची काळी राख गावात पडते, वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते, लोक ग्रामपंचायतीत तक्रार घेऊन गेले. त्यांचं म्हणणं असं की चिमणी अजून २० फूट वर नेली की धूर वरच्यावर निघून जाईल. मिस्त्री तयार होता, विटाही आणून टाकल्या होत्या. "सर, तुम्ही फक्त एकदा बघून सांगा, वर चढवली तर पडणार तर नाही ना?" एवढाच प्रश्न होता.

अडचण नेमकी काय

विटांच्या चिमणीचं एक साधं पण विसरलं जाणारं सत्य आहे. तिला उभं ठेवतं ते तिचं स्वतःचं वजन. वारा एका बाजूने ढकलतो तेव्हा बुडाशी वाऱ्याच्या बाजूची कड वर उचलली जायला बघते आणि पलीकडची कड दाबली जाते. काँक्रीटमध्ये सळई असते, ती उचलणाऱ्या कडेला धरून ठेवते. विटांच्या जोडात धरून ठेवणारं काही नाही, मसाल्याची पकड असते थोडी, पण तीस-चाळीस वर्षं गरम-गार झालेल्या मसाल्याच्या भरवशावर कोणी हिशोब करत नाही. म्हणून नियम असा की वजनामुळे बुडाशी जो दाब आहे तो वाऱ्यामुळे येणाऱ्या ताणापेक्षा जास्तच असला पाहिजे, म्हणजे कुठल्याही कडेला निव्वळ ताण येता कामा नये. यालाच नो-टेन्शनची मर्यादा म्हणतात.

हे तपासायची सोपी पद्धत अशी की वाऱ्याचा मोमेंट, म्हणजे वाऱ्याचं बल गुणिले ते बुडापासून ज्या उंचीवर लागतं ती उंची, भागिले वजन केलं की एक अंतर मिळतं, वजनाची रेषा मध्यापासून किती सरकली ते. ते अंतर एका ठराविक गाभ्याच्या आत राहिलं तर ताण नाही. पोकळ गोलाकारासाठी तो गाभा असा निघतो, M मोमेंट, W वजन, D बाहेरचा व्यास, d आतला:

```
e = M / W
e (कमाल) = (D² + d²) / (8D)
         = (2.4² + 1.5²) / (8 × 2.4) = 0.417 m
```

म्हणजे आपल्या चिमणीला ४१.७ सेंटीमीटर. हा आकडा फक्त व्यासांवर अवलंबून आहे, उंचीचा त्यात संबंध नाही. चिमणी कितीही उंच करा, गाभा तेवढाच. पण e मात्र उंचीबरोबर वाढतो, कारण एकसारख्या चिमणीत वजन उंचीच्या पटीत वाढतं आणि वाऱ्याचा मोमेंट उंचीच्या वर्गात. १६ वरून २२ मीटर केली तर वजन ३७ टक्के वाढतं, मोमेंट ८९ टक्के. सगळं दुखणं या दोन आकड्यांच्या फरकात आहे.

पहिलं गणित, आणि मी केलेली घाई

पहिल्या दिवशी घरी बसूनच हिशोब केला. विटांच्या बांधकामाचं वजन सवयीने घनमीटरला २० किलोन्यूटन धरलं, म्हणजे साधारण दोन टन. वाऱ्यासाठी आयएस ८७५ भाग ३ हे वाऱ्याच्या भाराचं भारतीय मानक बघितलं, त्यात नागपूरला ४४ मीटर प्रति सेकंद मूळ वेग दिलाय, आपला भाग नागपूरच्या पूर्वेला, तोच वेग धरला. मोकळं माळरान आणि २०-२२ मीटर उंची धरून वेग साधारण ४६.६ होतो, आणि दाब वेगाच्या वर्गाला ०.६ ने गुणून १.३ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर. गोल पृष्ठभागावर वारा पूर्ण आपटत नाही, बाजूने सरकतो, म्हणून पुस्तकातल्या उदाहरणांसारखा दोन-तृतीयांश गुणक लावला. खालच्या भागात वारा थोडा कमी असतो, पण मी पूर्ण उंचीला एकच दाब धरला, ती चूक सुरक्षित बाजूची आहे.

२२ मीटरला वजन आलं १२१३ किलोन्यूटन, वाऱ्याचा मोमेंट ५०३. भागाकार ०.४१५ मीटर. मर्यादा ०.४१७. म्हणजे पास, दोन मिलीमीटरने! ताणाच्या भाषेत बघितलं तर वजनाचा दाब ४४० किलोन्यूटन प्रति चौरस मीटर, वाऱ्याचा ताण ४३८, उरले २. मी भाऊंना फोनवर "होईल असं दिसतंय, पण एकदा येऊन बघतो" असं म्हणालो. त्यांनी ऐकलं फक्त "होईल". दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने पाळणा बांधायला बांबू आणले.

हा या प्रकरणातला पहिला निर्णयाचा टप्पा होता आणि तो मी नीट हाताळला नाही. दोन मिलीमीटरने पास होणारं गणित म्हणजे पास नाहीच, कारण आत दोन आकडे मी न मोजता घातले होते, वजन आणि वाऱ्याचा गुणक, आणि दोन्ही मला सोयीच्या दिशेला झुकलेले होते. घरबांधणीत आपण वजन जरा जास्त धरतो, ते सुरक्षित असतं. चिमणीत ताण तपासताना उलटं आहे, जास्त वजन धरलं की चिमणी कागदावर आपोआप स्थिर होते. ही सवय इथे घातक आहे आणि मी ती तशीच घेऊन आलो होतो.

वीट तोलली तेव्हा

साईटवर गेलो तेव्हा चिमणीच्या मागे जुन्या बांधकामातल्या उरलेल्या विटा पडल्या होत्या, त्याच भट्टीच्या, त्याच मापाच्या. मिलमध्ये तांदळाचा इलेक्ट्रॉनिक काटा होताच. बॉयलरच्या छपराखालच्या, कोरड्या पाच-सहा विटा घेतल्या, झटकल्या आणि एकेक तोलली. पट्टीने मोजली तर २२.५ बाय १०.५ बाय ७ सेंटीमीटर, वजन कुणाचं २९५० ग्रॅम, कुणाचं ३०४०, धरा ३ किलो. आकारमान १६५४ घन सेंटीमीटर, म्हणजे घनमीटरला १८१० किलोच्या आसपास, किलोन्यूटनमध्ये १८ ला थोडी कमीच. मसाला विटेपेक्षा थोडा जड असतो, पण जोड बरेच झिजलेले होते, म्हणून १८ हाच आकडा ठरवला.

गुणकही बदलला. दोन-तृतीयांश गुळगुळीत नळीला शोभतो, ही चिमणी खरबडीत विटांची, जोड उघडे, म्हणून ०.७ घेतला. फार मोठा बदल नाही, पण दोन्ही बदल एकाच दिशेचे.

आता आहे ती १६ मीटरची चिमणी बघू. वजन ७९४, वाऱ्याचं बल ३५, ते मध्यावर म्हणजे ८ मीटरवर, मोमेंट २८०. e आला ०.३५३, मर्यादेच्या आत. वजनाचा दाब २८८, वाऱ्याचा २४३, म्हणजे वाऱ्याच्या बाजूला ४५ दाब शिल्लक आणि पलीकडे ५३१. ठीक.

२२ मीटर केली की वजन १०९२, मोमेंट ५२८, e ०.४८४. मर्यादा ओलांडली. वजनाचा दाब ३९६, वाऱ्याचा ४६०, वाऱ्याच्या बाजूला ६४ चा निव्वळ ताण. उलटं सोडवलं तर या जाडीच्या चिमणीची मर्यादा १९ मीटरला येऊन संपते. कालचं "होईल" एका विटेच्या वजनाने "नाही" झालं.

मिस्त्रीचा प्रश्न अगदी रास्त होता. "साहेब, ताण आला म्हणजे पडते का जी लगेच?" नाही पडत. पडायला वजनाची रेषा बाहेरच्या कडेपर्यंत, म्हणजे मध्यापासून १.२ मीटर जायला पाहिजे, इथे ती अर्धा मीटरच सरकते. होतं असं की वाऱ्याच्या बाजूचा आडवा जोड किंचित उघडतो, वारा थांबला की वजनाने परत मिटतो. पण प्रत्येक वेळी उघडताना थोडा मसाला भुगा होऊन सांडतो, उघडलेल्या जोडात पाणी शिरतं, आतून गरम धूर बाहेर येतो, आणि जोडाचा तेवढा भाग पुढच्या वाऱ्याला कामाचा राहत नाही. म्हणजे पुढच्या वाऱ्याला चिमणी थोडी बारीक झालेली असते. हे वर्षानुवर्षं चालतं आणि बाहेरून काही दिसत नाही.

पर्याय काय होते

विटांनी वाढवणं बाद झालं. मग भाऊंनी स्वतःच दुसरा पर्याय काढला, जो ऐकायला इतका शहाणपणाचा वाटतो की मलाही क्षणभर पटला. "मग सर, विटा नकोत. हलकं लोखंडी नळकांडं बसवू वरतून. वजनच नाही येत ना." नागपूरहून ६ मिलीमीटर प्लेटचं, १.२ मीटर व्यासाचं, ६ मीटर लांब नळकांडं आणायचं, खाली फ्लँज आणि बोल्ट.

हे गणित मी त्यांच्या समोर, मिलच्या ऑफिसात, पावतीपुस्तकाच्या मागच्या पानावर केलं कारण मला ते त्यांना दाखवायचंच होतं. नळकांड्याचं वजन सगळं धरून १२ किलोन्यूटन, सव्वा टन. चिमणीच्या ७९४ मध्ये ते काहीच नाही. पण त्याच्यावरचा वारा ६.५५ किलोन्यूटन, आणि तो १९ मीटर उंचीवर लागतो, म्हणून बुडाशी त्याचा मोमेंट १२४. एकूण मोमेंट ४०४. वजनाचा दाब २९२, वाऱ्याचा ३५२, ताण जवळपास ६०. विटांनी वाढवली तर ६४ येत होता. निम्म्या व्यासाचं, जवळजवळ बिनवजनाचं नळकांडं आणि तरी ताण तेवढाच, कारण वारा नळकांड्याला लागतो पण नळकांडं चिमणीला खाली दाबत नाही. त्याच व्यासाचं २.४ मीटरचं नळकांडं घेतलं असतं तर ताण दीडशेच्याही वर गेला असता. घराच्या स्लॅबवर हलकं ते चांगलं, विटांच्या चिमणीवर वरतून हलकं ते वाईट. भाऊ बराच वेळ कागदाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे वजन हाच आपला खुंटा आहे म्हणा की."

तिसरा पर्याय, नळकांड्याला चारही बाजूंनी तारा ओढून जमिनीत अँकर करणं. हिशोबात हा चालतो. तारा वारा घेतात आणि वर ताणल्यामुळे चिमणीला खाली थोडं दाबतातही. पण दोन तारा धानाच्या ट्रकच्या रस्त्यातून जात होत्या, एक शेजाऱ्याच्या बांधीत उतरत होती, आणि तारा ढिल्या पडल्या की पुन्हा पहिल्यासारखंच. वर्षाला दोनदा त्या कसायला कोण चढणार, याचं उत्तर कोणाकडे नव्हतं.

चौथा पर्याय, बुडाला काँक्रीटचं वेष्टण घालून मग वर विटा चढवणं. पाचवा, शेजारी स्वतंत्र पाया घेऊन स्वतःच्या बोल्टवर उभी राहणारी लोखंडी चिमणी. लोखंड ताण घेतं, त्याला नो-टेन्शनचा प्रश्नच नाही, तिथे वेगळे प्रश्न असतात. हा सगळ्यात स्वच्छ, आणि सगळ्यात महागही.

भोकाची गोष्ट

या टप्प्यावर मी परत निघालो होतो. चिमणीला एक चक्कर मारू म्हणून मागच्या बाजूला गेलो, तिथे गवत वाढलेलं, आणि गुडघ्याच्या उंचीला एक आडवी बारीक रेघ दिसली, सव्वा-दीड मीटर लांब, जोडाजोडाने गेलेली. चुन्याच्या जुन्या थरांना ती कापत होती, पण दिवाळीच्या आधी मारलेला सगळ्यात वरचा थर तिच्यावरून अखंड गेला होता. म्हणजे भेग जुनी, आणि निदान त्या थरापासून उघडलेली नाही.

रेघ ज्या बाजूला होती तिच्या बरोबर समोर, पलीकडे, धुराचा बोगदा चिमणीत शिरतो ते भोक. रुंदी ८० सेंटीमीटर, उंबरठा जमिनीपासून अर्धा मीटर. मी आतापर्यंत सगळा हिशोब पूर्ण गोल कड्याचा केला होता, आणि बुडाशी ते कडं पूर्ण नाहीच.

भोकाने क्षेत्रफळ २.७६ चौरस मीटरवरून २.४० होतं, तेरा टक्के कमी. पण खरा त्रास तो नाही. एका बाजूचा तुकडा गेला की उरलेल्या भागाचा मध्य भोकापासून दूर, मागे सरकतो, इथे १५ सेंटीमीटरने. वरची चिमणी मात्र पूर्ण गोल आहे, तिचं वजन जुन्या मध्यावरच उतरतं. म्हणजे वारा शून्य असतानाही चिमणी उरलेल्या बुडावर १५ सेंटीमीटर भोकाकडे कललेल्यासारखी बसलेली आहे.

आता वारा मागून भोकाच्या दिशेने आला तर तोही त्याच बाजूला ढकलतो. उंबरठ्याच्या पातळीला वाऱ्याचं सरकणं ३४ सेंटीमीटर, भोकाचं १५, बेरीज ४९. आणि उरलेल्या भागाचा गाभा त्या दिशेला फक्त ३९. म्हणजे न वाढवता, आहे त्याच उंचीला, डिझाईनच्या वाऱ्यात मागच्या बाजूला ताण येतो, ८० च्या घरात. भेग बरोबर तिथेच, त्याच उंचीला. भेग वाऱ्यानेच पडली असं मी छातीठोक म्हणणार नाही, गरम धूर आत आणि थंड हवा बाहेर यानेही अशा भेगा पडतात, पण जागा हिशोबाशी जुळत होती.

उलट्या दिशेचा, म्हणजे भोकाकडून येणारा वारा मात्र निरुपद्रवी निघाला, कारण तिथे भोकाचं १५ सेंटीमीटर वाऱ्याच्या विरुद्ध काम करतं. त्यामुळे भोक असलेली चिमणी एकाच दिशेला तपासून चालत नाही.

काचेची पट्टी

मार्चमध्ये भेगेवर तीन ठिकाणी काचेच्या पातळ पट्ट्या प्लास्टरने चिकटवल्या. भेग उघडली तर काच तडकते. एप्रिल-मे म्हणजे आपल्याकडे अवकाळीचे, वादळवाऱ्याचे दिवस. एका संध्याकाळी मोठं वादळ झालं, गावातले दोन-चार टिनाचे छप्पर उडाले, वीज दोन दिवस नव्हती. सकाळी भाऊंनी फोटो पाठवले, तिन्ही काचा शाबूत. सोबत फोन, "सर, काच नाही फुटली. कशाला भ्याचं?"

दुसरा निर्णयाचा टप्पा हा, आणि इथे मी ठाम राहिलो. मागच्या कडेला ताण सुरू व्हायला किती वारा लागतो ते काढलं होतं, तो निघाला ३९ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी १४० किलोमीटरच्या आसपास. टिनपत्रे याच्या कितीतरी आधी उडतात. त्या संध्याकाळचा वारा एवढा नव्हता, म्हणून काच फुटलीच नसती, हिशोबानेही नाही. शाबूत काच एवढंच सांगते की त्या दिवशी मर्यादा गाठली गेली नाही, मर्यादा कुठे आहे ते सांगत नाही. आणि चिमणी २२ मीटर केली असती तर हाच उंबरठा १४० वरून १२० वर आला असता.

काय केलं

भाऊंसोबत बसून मूळ प्रश्न परत विचारला, तुम्हाला उंची पाहिजे की राख थांबवायची आहे? राख थांबवायची होती. तुसाची राख हलकी पण कणीदार असते, ती चिमणीच्या आधीच सायक्लोन नावाच्या यंत्रात धुरासकट गोल फिरवून खाली पाडता येते. मल्टिसायक्लोन आणि पंखा बसवायचा खर्च स्वतंत्र लोखंडी चिमणीपेक्षा कमी येत होता. उंची १६ मीटरच ठेवायची ठरलं.

बुडाचं काम मात्र टाळता येत नव्हतं. सीझन संपल्यावर, जूनच्या सुरुवातीला, चिमणीच्या खालच्या ३ मीटरला बाहेरून २० सेंटीमीटर जाडीचं काँक्रीटचं कडं घातलं. उभ्या सळया १२ मिलीमीटरच्या, दर १५ सेंटीमीटरवर, खाली पायात खोल भोकं पाडून ग्राउटने पक्क्या केलेल्या. भोकाच्या चारही बाजूंना त्याच काँक्रीटची चौकट, वर लिंटेल आणि खाली उंबरठा कड्यात सलग गुंफलेला, म्हणजे कापलेल्या बाजूचा भार चौकटीतून फिरून खाली जाईल. विटांमध्ये आडवे डॉवेल, म्हणजे सळईचे तुकडे, घातले, नाहीतर कडं आणि वीट वेगवेगळे हलतात.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. चिमणीचं वजन आधीच विटांवर बसलेलं आहे, नंतर घातलेलं कडं त्यातलं काही उचलत नाही. म्हणून कड्याला वजनाच्या दाबाची मदत धरली नाही, भोकाच्या पातळीचा सगळा मोमेंट सळयांनीच घ्यायचा असा हिशोब केला, भोकात जाणाऱ्या सळया वजा करून, आणि तो आरामात बसला. कड्याच्या वर, ३ मीटरच्या पातळीला चिमणी पूर्ण गोल आहे आणि वर उरते १३ मीटर, तिथे e येतो ०.२९, म्हणजे ०.४१७ च्या बराच आत. कडं ३ मीटरच का, याचं उत्तर हेच.

पाया उघडताना मिस्त्रीला एकदम सगळीकडून खोदायचं होतं, दोन दिवसांत काम संपलं असतं. नको म्हटलं. चार भाग केले, आधी समोरासमोरचे दोन, त्यात सळया बसवून काँक्रीट करून आठ दिवस थांबून उरलेले दोन. दहा दिवस जास्त गेले. पायाचा दाबही तेव्हाच तपासला, ४ मीटर बाय ४ मीटरचा पाया, वजनाची रेषा २६ सेंटीमीटर सरकते आणि मर्यादा ६७, तिथे काही अडचण नव्हती.

काय झालं

सायक्लोन चालू झाल्यावर पहिल्या महिन्यातच खालच्या हॉपरमधून रोज पोत्याने राख निघायला लागली, जी आधी गावावर पडत होती. तक्रार पूर्ण बंद नाही झाली, बारीक धूर अजून दिसतो, पण कपड्यांवर काळे ठिपके पडायचं थांबलं. आणलेल्या विटा कंपाउंडच्या भिंतीला लागल्या. पुढच्या उन्हाळ्यात दोन वादळं झाली. कड्याच्या वरच्या कडेला, जिथे नवं काँक्रीट संपतं आणि जुनी वीट सुरू होते, तिथे मी पुन्हा काचा लावल्या होत्या कारण जाडी अचानक बदलते अशा जागी नवीन भेग यायची शक्यता असते. त्या शाबूत आहेत, आणि याचा अर्थ किती घ्यायचा ते वर लिहिलंच आहे.

वेगळं काय करता आलं असतं

फोनवर "होईल" म्हणायला नको होतं, साईट बघायच्या आधी तर नाहीच. दोन मिलीमीटरचं अंतर उरलं तेव्हाच हातातले आकडे तपासायला हवे होते, वीट तोलायला दहा मिनिटं लागली आणि त्यानेच निकाल फिरला.

दुसरं, मी आधी पूर्ण कड्याचा हिशोब केला आणि भोक नंतर बघितलं. क्रम उलटा पाहिजे होता. परीक्षेतल्या उदाहरणात चिमणीला भोक नसतं, पण धूर आत कुठूनतरी येणारच, म्हणून खऱ्या चिमणीला ते असतंच आणि बहुतेक वेळा बुडाशीच, जिथे मोमेंट सगळ्यात जास्त. आता कुठलीही जुनी चिमणी बघायला गेलो की पहिलं भोक शोधतो, त्याची रुंदी मोजतो आणि त्याच्या बरोबर समोरचा भाग गवत बाजूला करून बघतो.

तिसरी गोष्ट अजून बाकी आहे. भोकाच्या डाव्या बाजूला राख काढायचं एक छोटं दार आहे, ४० सेंटीमीटरचं, जमिनीलगत. ते कड्यात झाकलं गेलं, पण सफाईसाठी तिथे कड्यातही दार सोडावं लागलं. त्याची चौकट केली, पण त्या दिशेच्या वाऱ्याचा वेगळा हिशोब मी तेव्हा केला नव्हता, भोकाचा केला तोच पुरेल असं धरलं. नंतर केला, चालतो, पण सळया कापायच्या आधी करायला हवा होता. भाऊंना सांगून ठेवलंय की ते दार पुढे रुंद करायचं नाही, आणि दाराच्या वर रंगाने तशी सूचना लिहून घेतली आहे.